एका पेशीचा धागा

झरी जामणी तालुक्यातील शेतातून निघालेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते आणि रुईचा भाव लांबीवर व मायक्रोनेअरवर ठरतो. ज्या तंतूचा हा भाव, तो सबंध तंतू म्हणजे वनस्पतीची एकच पेशी होय, हे व्यापारातही फार थोड्यांच्या ध्यानात असते. सरकीच्या सालीवरील एक पेशी फुलोऱ्याच्या दिवशी फुगू लागते आणि सुमारे तीन आठवड्यांत तीस मिलिमीटरपर्यंत लांबते. तिची जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहून क्वचितच अधिक असते. लोकर अशी नसते. मेंढीचा एक केस अनेक मृत प्राणिपेशींचा बनलेला असतो आणि त्यात प्रथिन भरलेले असते. म्हणून लोकर जाळली की केसांचा वास येतो, कापूस जाळला की कागदाचा.

हा फरक पेशीच्या अंगकांतून उगवतो. केंद्रक, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका, प्रथिने घडविणारी आंतर्द्रव्यजालिका आणि माल बांधून पाठविणारे गॉल्गी संकुल ही मंडळी दोन्हीकडे सारखीच. वनस्पतिपेशीत यांखेरीज तीन गोष्टी असतात : पेशीभित्तिका, मोठी रिक्तिका आणि लवके. कापसाच्या तंतूत लवकांचे काम नगण्य आहे. त्याला साखर पानांतील हरितलवकांकडून मिळते. खरा खेळ पहिल्या दोहोंचा.

```
 +-------------------- १ --------------------+
 | +------------------ २ ------------------+ |
 | |  (३)    (४)  (४)     (५)        (४)    | |
 | |  +---------------------------------+  | |
 | |  |               ६                 |  | |
 | |  +---------------------------------+  | |
 | +---------------------------------------+ |
 +-------------------------------------------+
```
आकृती : वाढत्या कापूसतंतूचा उभा छेद (प्रमाणात नाही). १ पेशीभित्तिका, २ प्रद्रव्यपटल, ३ केंद्रक, ४ तंतुकणिका, ५ गॉल्गी संकुल, ६ रिक्तिका.

रिक्तिकेत पोटॅशियम व साखर साठली की पाणी आत शिरते आणि दाब वाढतो. प्राणिपेशी निव्वळ पाण्यात ठेवली तर फुगून फुटते, कारण तिला बाहेरून आवरणारे काही नसते. वनस्पतिपेशीला भित्तिका सावरते. वाढत्या तंतूची भित्तिका पातळ व लवचीक असून तिच्यातील सेल्युलोजचे धागे आडवे गुंडाळलेले असतात. त्यामुळे दाबाला रुंदीकडे वाट मिळत नाही आणि पेशी लांबीकडेच ताणली जाते.

सुमारे विसाव्या दिवसाच्या आसपास, लांबी संपता संपता, काम बदलते. प्रद्रव्यपटलातील विकरे आतून सेल्युलोजचे थर चढवू लागतात. हे पुढे तीनेक आठवडे चालते. बोंड फुटल्यावर पाणी उडते, पेशी मरते, पोकळी चपटी होऊन तंतूला पीळ पडतो. हा पीळच सुतात तंतूंना एकमेकांत अडकवून धरतो. उरलेल्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते.

| अंग | प्राणिपेशी | वनस्पतिपेशी |
|---|---|---|
| पेशीभित्तिका | नाही | आहे, सेल्युलोजची |
| रिक्तिका | लहान किंवा नाही | मोठी, दाब धरणारी |
| लवके | नाहीत | आहेत |
| लयकारिका | पचनाचे काम करते | ते काम बहुधा रिक्तिका करते |
| तारककाय | आहे | कापसासारख्या झाडांत नाही |
| केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी | आहेत | आहेत |

आता एक व्यवहार पाहू. दोन गाठी एकाच वाणाच्या आहेत. दोहोंची लांबी २९ मिलिमीटर, परंतु एकीचा मायक्रोनेअर ४.२ आणि दुसरीचा ३.०. लांबी सारखी असताना भाव का पडला? पहिल्या तीन आठवड्यांत पाऊस पुरेसा होता म्हणून रिक्तिकेने दोन्हीकडे लांबी पुरी केली. पुढे पाणी तुटले किंवा बोंडअळीने बोंड अकाली फोडले, तेव्हा दुसऱ्या गाठीतील भित्तिकेचे थर अर्धेच राहिले. उलट, सुरुवातीलाच ताण पडला असता तर लांबीच कमी भरली असती. अपक्व तंतू रंग नीट घेत नाही आणि गाठोळ्या करतो, ही सूतगिरणीची तक्रार येथूनच येते.

मायक्रोनेअर हे हवेच्या प्रवाहावरून काढलेले एकत्रित माप आहे. ते तंतूची बारीकी आणि पक्वता यांना वेगळे करीत नाही. जन्मतःच बारीक तंतूचा वाण पूर्ण पिकूनही कमी आकडा देतो. म्हणून तुलना त्याच वाणाच्या नेहमीच्या आकड्याशीच करावी. खात्रीसाठी प्रयोगशाळेत तंतू १८ टक्के कॉस्टिक सोड्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पक्व तंतू फुगून काठीसारखा गोल होतो, अपक्व तंतू फितीसारखा चपटाच राहतो.