दहा रुपयांच्या पुड्याचा हिशेब

माझ्या मावसभावाला बिस्किटांच्या एका ब्रँडची एजन्सी मिळत होती. कंपनीचा माणूस ‘सहा टक्के मार्जिन’ सांगून गेला. भावाने मला फोन केला, ‘भाईजान, दहा रुपयांच्या पुड्यावर साठ पैसे सुटतील ना?’ मी सॉफ्टवेअरमधला माणूस, पण आकडेमोड कुठलीही असो, शेवटापासून मागे गेले की बहुतेक वेळा उत्तर सापडते. आम्ही तसेच केले.

आपल्याला वाटते, कारखान्याचा खर्च, त्यावर प्रत्येकाचा नफा, आणि बेरीज म्हणजे पुड्यावरची एमआरपी. लहान पुड्यांच्या बाबतीत प्रवास उलटा असतो. पाच, दहा, वीस रुपये हे आकडे आधी ठरतात, कारण गिऱ्हाईक एका नोटेत किंवा नाण्यात खरेदी करते. मग त्यातून एकेकाचा वाटा वजा होत जातो आणि उरते ते कारखान्याचे.

दहा रुपयांत जीएसटी आधीच धरलेला असतो. बिस्किटांवर सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे, म्हणून दहाला 1.05 ने भागायचे: 9.52 रुपये. उदाहरणासाठी किराणा दुकानदाराचे मार्जिन 12 टक्के धरू. हे टक्के त्याच्या खरेदी किमतीवर मोजले, तर त्याला पुडा करावेगळा 8.50 ला पडतो आणि त्याचे 1.02 रुपये सुटतात. वितरकाचे 6 टक्के त्याच रीतीने काढले की त्याची खरेदी 8.02 येते. सुपर स्टॉकिस्टचे 3 टक्के काढले की कारखान्याच्या दारात उरतात 7.79. मैदा, तेल, साखर, वेष्टन, मजुरी, जाहिरात आणि कंपनीचा नफा, सगळे यातच बसवायचे.

भावाचे साठ पैसे इथे अठ्ठेचाळीस झाले. सहा टक्के एमआरपीवर नव्हते, त्याच्या खरेदीवर होते. म्हणून कोणी टक्के सांगितले की पहिला प्रश्न विचारावा: कशावर? दुकानदाराचे 12 टक्के खरेदीऐवजी करावेगळ्या विक्रीवर मोजले, तर 1.02 चे 1.14 होतात. बारा पैशांचा फरक, पण महिन्याला पाच हजार पुडे जात असतील तर सहाशे रुपये.

दुसरी गोष्ट, मार्जिन म्हणजे नफा नव्हे. समजा वितरकाने महिन्याला दहा लाखांचा माल उचलला. सहा टक्क्यांनी हाती आले साठ हजार. सेल्समनचा पगार, टेम्पो, गोदामाचे भाडे मिळून पंचेचाळीस हजार गेले, उरले पंधरा. माल आणि दुकानांची उधारी मिळून सात लाख अडकले असतील, तर परतावा महिन्याला दोन टक्के. ते पैसे दीड टक्क्याने उचललेले असतील, तर स्वतःच्या मेहनतीला साडेचार हजारच राहतात. कालबाह्य माल कंपनी परत घेते का, आणि त्याचे पैसे किती दिवसांत वळते करते, हे करारात लिहून घ्या. ते नसेल तर हे साडेचार हजारही टिकणार नाहीत.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने. तेल महागले तरी दहाचा आकडा हलवता येत नाही आणि मधल्या साखळीचे टक्केही सहसा हलत नाहीत. मग हलते ते वजन. 80 ग्रॅमचा पुडा 72 ग्रॅमचा झाला, की ग्रॅममागे साडेबारा पैशांचे सुमारे 13.9 पैसे होतात. म्हणजे 11 टक्के भाववाढ, आणि छापील किंमत तीच. म्हणूनच पुड्यावर प्रति ग्रॅम किंवा प्रति नग दर छापण्याचा नियम आला. दोन पुडे शेजारी ठेवून तोच वाचायचा.

एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. पॅकबंद वस्तूवर दुकानदाराने वरून जीएसटी किंवा ‘थंड करण्याचे’ दोन रुपये मागणे बेकायदा आहे. तक्रार वैधमापन विभागाकडे किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. पण ही मर्यादा किती उंच असावी, हे बहुतेक वस्तूंसाठी कायदा सांगत नाही. कंपनीच ती ठरवते. सरकार कमाल किंमत ठरवते ती प्रामुख्याने यादीतल्या अत्यावश्यक औषधांची, आणि 2013 च्या औषध किंमत आदेशात किरकोळ विक्रेत्याचे मार्जिन 16 टक्के धरलेले आहे. म्हणून ‘एमआरपीवर चाळीस टक्के सूट’ दिसली, तर माल स्वस्त झाला असे लगेच समजू नका. एवढी सूट देऊनही विक्रेत्याला परवडत असेल, तर छापताना आकडा किती फुगवला होता, हा प्रश्न आधी येतो.

भावाने एजन्सी घेतली, पण करारात ‘खरेदी किमतीवर’ हे दोन शब्द आणि माल परतीची मुदत लिहून घेतल्यावरच.