परदेशी वाण, स्थानिक कंपनी आणि सामंजस्य करार : सही करण्यापूर्वी तीन कलमे नीट वाचा

शेतकरी उत्पादक कंपन्यांपुढे आता परदेशी भागीदारांचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. कुणी द्राक्षाचे पेटंट असलेले वाण देऊ करतो, कुणी बियाणे, कुणी प्रक्रियेचे तंत्रज्ञान. पहिली पायरी बहुधा चार-पाच पानांचा सामंजस्य करार असते. सही होते, फोटो छापून येतो आणि कागद कपाटात जातो. भांडण झाले की तोच कागद बाहेर निघतो.

‘सामंजस्य करार म्हणजे काही पक्का करार नव्हे’ असे संचालक मंडळात हमखास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. न्यायालय कागदाचे शीर्षक पाहत नाही, आतला मजकूर पाहते. ‘पुढे संयुक्त कंपनी स्थापन करण्याचा विचार आहे’ हे वाक्य कुणालाही बांधत नाही. पण त्याच कागदात गुप्तता, दुसऱ्या कुणाशी बोलणी न करण्याची अट, वाणावरचा हक्क आणि लवाद यांची ठाम कलमे असतील, तर ती बांधू शकतात. म्हणून कोणती कलमे बंधनकारक आणि कोणती नाहीत, हे कागदात क्रमांकासह लिहून घ्यावे.

जालन्याचे उदाहरण

या विषयावरचा सर्वांत मोठा धडा आपल्याच राज्यात घडला. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी उभी केली. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला लागवडीची परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-2 आले. संयुक्त कंपनी स्वतः दुकानात पाकिटे विकत नव्हती. तिने देशातल्या अनेक बियाणे कंपन्यांना उपपरवाने दिले. त्या कंपन्यांनी आपल्या संकरित वाणांच्या पालक वाणांत ते जनुक आणले आणि प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञान शुल्क भरले.

नुझिवीडू सीड्स या कंपनीशी असा करार 2004 मध्ये झाला. त्यानुसार कंपनीला जनुक असलेले केवळ 50 दाणे मिळाले. एकरकमी शुल्क होते 50 लाख रुपये आणि त्यावर पाकिटामागचे शुल्क वेगळे. पुढे राज्य सरकारांनी बियाण्याच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा शुल्क करारातल्या दराने द्यायचे की सरकारने धरलेल्या दराने, यावर वाद पेटला. नोव्हेंबर 2015 मध्ये परवाना रद्द झाला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2018 मध्ये खंडपीठाने पेटंटच अवैध ठरवले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि साक्षीपुरावे घेऊन सुनावणी करायला सांगितले. त्याच वर्षी पेटंटची 20 वर्षांची मुदत संपली. मधल्या काळात 2018 मध्ये मोन्सॅन्टोच बायरने विकत घेतली होती. शेवटी 2021 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. इतक्या वर्षांत मुद्द्याचा अंतिम निकाल लागलाच नाही.

यातून तीन प्रश्न पुढे येतात : कुणी काय करायचे, कशाचा मालक कोण, आणि बिनसले तर काय. ते एका काल्पनिक उदाहरणावर तपासू. समजा, नाशिक भागातली 50 सभासदांची उत्पादक कंपनी परदेशी पैदासकाराकडून द्राक्षाचे नवे वाण 100 एकरांवर लावणार आहे.

पहिले कलम : कुणी काय करायचे

‘परदेशी भागीदार तांत्रिक साहाय्य करेल’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. काड्या परदेशातून येताना आयात परवाना, रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र आणि इथे पोहोचल्यावर विलगीकरणातली तपासणी लागते. परवाना कुणाच्या नावे? विलगीकरणात विषाणू आढळून काड्या नष्ट कराव्या लागल्या, तर नुकसान कुणाचे? हे लिहिलेले नसेल, तर ते आयात करणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या गळ्यात पडते.

दुसरा भाग चाचणीचा. परदेशात हिवाळ्यात एकच छाटणी घेऊन यशस्वी झालेले वाण आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांत, डॉगरिज खुंटावर आणि परतीच्या पावसात कसे वागते, हे लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिली दोन फळे 5 एकरांवर घ्यावीत. घडांची संख्या, मण्याचा आकार, तडे जाण्याचे प्रमाण आणि गोडी यांचे किमान आकडे आधी ठरवावेत. ते गाठले नाहीत तर उरलेल्या 95 एकरांची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही, असे कलम हवे.

कपाशीत हीच जबाबदारी सैल राहिली. बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जाई, ते कडेने लावायचे होते, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. बहुतेकांनी ते लावले नाही आणि लावून घेण्याचे काम नेमके कुणाचे, हेही धड ठरले नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते आपण पाहिले आहे. अळीत प्रतिकारशक्ती येण्याची कारणे अनेक आहेत, पण जे काम सगळ्यांचे ते कुणाचेच नसते, हे त्यातले एक.

दुसरे कलम : वाण कुणाचे, शुल्क कशावर

आपल्या पेटंट कायद्यात वनस्पती आणि बियाण्यावर पेटंट मिळत नाही. वाणाला संरक्षण मिळते ते 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली, वेलींसाठी जास्तीत जास्त 18 वर्षे. म्हणून करारात ‘परदेशात पेटंट आहे’ एवढे लिहून भागत नाही. भारतात नोंदणी आहे का, असल्यास कोणत्या क्रमांकाची आणि कधीपर्यंत, ते विचारावे. आणि हक्क संपला की शुल्कही संपेल, हे वाक्य घालून घ्यावे. कपाशीत शुल्क शेवटी सरकारने खाली आणले : 2016 मध्ये बोलगार्ड-2 च्या 800 रुपयांच्या पाकिटात ते 49 रुपये होते, 2020 मध्ये शून्य झाले. द्राक्षाच्या काडीवर असे सरकारी नियंत्रण नाही. इथे करार हेच नियंत्रण.

शुल्क कशावर मोजायचे, यात खरा पैसा आहे. हिशेब समजण्यापुरते गृहीत आकडे घेऊ. 9 बाय 5 फुटांवर एकरी 968 वेली बसतात. वेलीमागे एकदाच 60 रुपये धरले तर एकरी 58,080 रुपये होतात. याऐवजी विक्रीच्या 5 टक्के दरसाल मागितले, एकरी 8 टन माल आणि किलोला 80 रुपये दर धरला, तर विक्री 6 लाख 40 हजार आणि शुल्क 32,000 रुपये. दहा फळांत ते 3 लाख 20 हजार होते. दुसरीकडे, अवकाळीने निम्मा माल गेला तर टक्केवारी 16,000 वर येते, वेलीमागचे शुल्क मात्र भरून झालेले असते. म्हणजे टक्केवारीत जोखीम वाटली जाते, पण ती महाग पडते. टक्केवारी मान्य करायची असेल, तर ती बांधावरच्या दरावर असावी. परदेशी बंदरातल्या दरावर असेल, तर पॅकिंग, शीतगृह आणि जहाजभाडे यांवरही आपण शुल्क भरतो.

आणखी एक मुद्दा फारसा कुणी वाचत नाही. ‘वाणात झालेली कोणतीही सुधारणा पैदासकाराची राहील’ असे एक वाक्य अशा करारांत असते. तास-ए-गणेश आणि सोनाका ही वाणे थॉमसन सीडलेसच्या बागेत शेतकऱ्यांनी वेगळी फांदी हेरून निवडली. उद्या सभासदाच्या बागेत अशी फांदी निघाली तर? नवे वाण मूळ वाणापासून निघाल्याने मूळ पैदासकाराचा काही हक्क राहतो, हे मान्य. पण शोधणाऱ्याचे नाव, उत्पन्नातला वाटा आणि स्वतःच्या बागेत वापराचा हक्क लिहून घेता येतो.

तिसरे कलम : बिनसले तर

कपाशीचा परवाना नोव्हेंबरमध्ये रद्द झाला, म्हणजे पुढच्या खरिपाच्या बीजोत्पादनाची बोंडे शेतात वेचणीला असताना. करार रद्द करण्याची तारीख पिकाच्या वेळापत्रकाशी बांधलेली हवी : ऑक्टोबर छाटणीनंतर नोटीस आली, तर माल निघेपर्यंत करार चालू.

याहून घातक कलम म्हणजे ‘करार संपल्यास सर्व वेली नष्ट कराव्यात’. मांडव, ठिबक आणि खुंट यांवर खर्च सभासदाचा आणि बाग 12 ते 15 वर्षांची. चूक कंपनीच्या कार्यालयात झाली, तरी कुऱ्हाड सभासदाच्या बागेवर पडते. म्हणून शुल्क भरलेल्या सभासदाला बागेच्या आयुष्यभर वेली ठेवण्याचा आणि माल विकण्याचा हक्क राहील, असे वेगळे कलम मागावे. ते मिळत नसेल, तर मोठ्या क्षेत्रावर लागवड करू नये.

लवादाच्या कलमात ‘आसन’ हा शब्द शोधावा. आसन ज्या शहराचे, तिथल्या न्यायालयांचा त्या लवादावर अधिकार. बैठक नाशिकमध्ये झाली, पण आसन लंडनचे असले, तर निवाड्याला आव्हान लंडनमध्ये द्यावे लागते आणि वकीलही तिथलाच. 1958 च्या न्यूयॉर्क परिषदेमुळे भारतातला निवाडा इतर सदस्य देशांतही अमलात आणता येतो, तेव्हा मुंबईच्या आसनाला परदेशी भागीदाराने नाही म्हणण्याचे सबळ कारण नाही. छोट्या कंपनीने तीनऐवजी एकच लवाद मागावा, खर्च खूप कमी होतो. तातडीच्या मनाईसाठी भारतीय न्यायालयात जाण्याची मुभा वगळलेली नाही, तेही पाहावे. बाग लवादाच्या तारखेसाठी थांबत नाही.

शेवटी, भागीदार कंपनी विकली गेली तर काय, यावर एक ओळ हवी. नव्या मालकाला जुन्या अटी लागू राहतील आणि नको असल्यास आपल्याला दंडाशिवाय बाहेर पडता येईल, एवढी पुरे.

विस्तार कार्यकर्त्यांनी संचालक मंडळाच्या बैठकीत ही तीन कलमे मराठीत वाचून दाखवावीत. इंग्रजी प्रतच ग्राह्य राहील असे लिहिलेले असले, तरी सही करणाऱ्याला समजलेले मराठी भाषांतर इतिवृत्ताला जोडावे. आणि सभासदाकडून लागवडीची संमती घ्यायची ती हे वाचून झाल्यावरच घ्यावी.