'की-वर्ड शोधा, मार्क मिळवा' हा सल्ला पोरांना महागात पडतोय

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता आयईएलटीएसचे क्लास निघालेत. परदेशी शिकायला जायचं म्हणून पोरं हजारो रुपये फी भरतात. वाचनाच्या पेपरात तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. त्यात एक प्रकार असतो परिच्छेदाला शीर्षक जुळवण्याचा, आणि तिथं भले भले अडकतात. कारण क्लासमध्ये शिकवलेलं असतं: शीर्षकातला शब्द परिच्छेदात सापडला की लावा जोडी!

माझं स्पष्ट मत आहे, हे शिकवणं नाही, फसवणूक आहे. परिच्छेदांपेक्षा शीर्षकं मुद्दाम जास्त दिलेली असतात. चुकीची शीर्षकं रचलेलीच असतात अशा घाईतल्या वाचकासाठी.

परीक्षा इंग्रजीत असते, पण उदाहरण आपल्या शिवारातलं घेऊ. समजा परिच्छेद असा आहे:

"सरकारने ठिबकला अनुदान दिले. एकरी पाणी कमी लागू लागले, उत्पन्नही टिकले. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी आणखी दोन एकर ऊस लावला. विहिरींची पातळी खालावतच राहिली."

शीर्षकं तीन:
१) ठिबकसाठी सरकारी अनुदान
२) पाणी वाचवण्याचा यशस्वी प्रयोग
३) बचतीनेच वाढवलेली मागणी

की-वर्डवाला पहिलं उचलणार, कारण 'ठिबक', 'सरकार', 'अनुदान' सगळे शब्द हजर आहेत. पण ते एका वाक्यापुरतं खरं आहे. दुसरं शीर्षक अर्ध्या परिच्छेदापुरतं खरं. 'पण' आला आणि ते कोसळलं. उत्तर तिसरं. त्यातला 'मागणी' हा शब्द परिच्छेदात कुठंच नाही, तरी चारही वाक्यं त्याच्याखाली बसतात.

ओळखायचं कसं? एकेक वाक्य झाकून बघा. अनुदानाचं वाक्य झाकलं तरी मुद्दा उभा राहतो, म्हणजे तो तपशील. 'पण'पासूनचा भाग झाकला की उरते ठिबकची जाहिरात. म्हणजे मुद्दा तिथं आहे.

'फक्त पहिलं वाक्य वाचा' हा दुसरा सल्लाही असाच. बातमीत आम्ही मुद्दा पहिल्याच वाक्यात देतो, तो आमच्या धंद्याचा नियम. लेखातल्या परिच्छेदावर तसं बंधन नसतं. वरच्या उदाहरणात पहिलं वाक्य वाचून थांबलात तर अनुदानातच अडकाल.

आणि एक शीर्षक एकदाच वापरायचं असतं. ते चुकीच्या जागी बसवलं की त्याच्या खऱ्या परिच्छेदाचाही मार्क जातो.

पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एकच विचारा: बाकीची शीर्षकं का चुकली, हे पोरांकडून वदवून घेता का? उत्तर 'नाही' असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.