सय्यारा, मुहर्रिक आणि लाल दिवा

उर्दू शिकवणाऱ्याला अरबी येतेच, असा आपल्याकडे पक्का समज आहे. लिपी जवळपास एक, शब्द ओळखीचे. मग अडचण कसली? जेद्दाहला घरगुती ड्रायव्हर असलेल्या माझ्या भाच्याने याच भरवशावर मॅन्युअलच्या पानाचे आणि डॅशबोर्डचे फोटो पाठवले. त्याच्या मालकांच्या मुलीला नवीन लायसन्स मिळाले होते. सौदीत स्त्रियांना गाडी चालवायची मुभा जून 2018 मध्ये मिळाली. गाडी अमेरिकेतून आणलेली, पुस्तक इंग्रजीत. "मामू, अरबीत लिहून द्या."

उर्दूत सय्यारा म्हणजे ग्रह, अरबीत मोटार. मुहर्रिक आपल्याकडे चळवळीचा प्रेरक, तिकडे इंजिन. म्हणजे उर्दूच्या जोरावर हे काम करणे धोक्याचेच. पण खरी अडचण शब्दकोशात सापडत नाही.

तेलाच्या दिव्याचे बघा. चित्र आपल्या वजूच्या बदन्यासारखे, तोटीतून थेंब पडणारे. त्याखाली अरबीत नुसते 'जैत', म्हणजे तेल, लिहिले तर भाषांतर चुकीचे ठरत नाही. तरी वाचणारी काय समजेल? तेल कमी झालेय, पुढच्या पंपावर घालू. प्रत्यक्षात हा दिवा तेलाच्या पातळीचा नसून दाबाचा आहे. तेल पुरेसे असूनही पंप बिघडला तर दाब पडतो, आणि चालत्या इंजिनचे बेअरिंग थोड्या वेळात खलास होते. म्हणून मी लिहिले: 'जग्त अल-जैत मुन्खफिज', तेलाचा दाब कमी, आणि पुढे 'औकिफी अल-मुहर्रिक', इंजिन बंद कर. 'औकिफ' पुरुषाला उद्देशून होते, इथे वाचणारी मुलगी आहे, म्हणून 'औकिफी'. (व्याकरणाच्या तासाला मुले विचारतात, याचा उपयोग काय. हा घ्या.)

BRAKE या दिव्याचेही तसेच. बऱ्याच देशांतल्या गाड्यांवर इथे उद्गारचिन्ह असते, अमेरिकी गाडीवर हा शब्द. 'फरामिल' एवढ्याने भागत नाही. आधी हँडब्रेक पूर्ण सोडलाय का बघ. सोडूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते, गाडी हलवू नकोस, हे दोन्ही लिहावे लागते. CHECK ENGINE स्थिर पेटला तर लवकर गॅरेज गाठायचे. लुकलुकत असेल तर इंजिनमध्ये पेट्रोल नीट जळत नाही आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून जातो. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायचे. स्थिर आणि लुकलुकता हा फरक फोटोत दिसतच नाही, तो पानावरच्या मजकुरातून शोधावा लागला.

शेवटी भाच्याने कागद तिथल्या इजिप्शियन मेकॅनिकला दाखवला. त्याने 'मुहर्रिक'शेजारी 'मकीना' लिहिले. तिथल्या गॅरेजमध्ये तोच शब्द चालतो. दोन्ही ठेवले. फोनवर ती मकीनाच म्हणणार.