व्यवसाय-परिचय: म्युच्युअल फंड वितरकाने काय लिहावे?

विशेषांकातील व्यवसाय-परिचयासाठी एका म्युच्युअल फंड वितरकाने दिलेला मजकूर पुढीलप्रमाणे समजू: ‘अनुभवी गुंतवणूक सल्लागार. १४ वर्षांची सेवा. आमच्या ग्राहकांचे ५ लाख १० वर्षांत २० लाख झाले. दरसाल १५ टक्के परतावा.’ व्यापारी घराण्यातील वाचकाला हा मजकूर आकर्षक वाटेल. परंतु नियमांच्या दृष्टीने त्यात दोन मोठे दोष आहेत.

पहिला दोष ‘सल्लागार’ या शब्दात आहे. सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी झालेल्या व्यक्तीनेच ते नाव लावावे, असा दंडक आहे. योजना विकून कमिशन मिळविणारा तो वितरक होय. त्याने स्वतःला ‘अ‍ॅम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ असेच म्हणावे.

दुसरा दोष आकड्यांत आहे. १५ टक्के चक्रवाढीने ५ लाखांचे १० वर्षांत सुमारे २० लाख होतात, हे गणित बरोबर आहे. मात्र तो परतावा विशिष्ट योजनेचा आणि विशिष्ट काळाचा असतो, वितरकाचा नव्हे. परिचयात तो लिहिल्यास वाचक त्यालाच पुढील आश्वासन समजतो, आणि परताव्याचे आश्वासन देण्यास सेबीची मनाई आहे.

मग परिचयात उरते काय? बरेच काही. एनआयएसएमची मालिका ५-ए ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख, एआरएन क्रमांक, त्याच्या वैधतेची तारीख आणि अनुभवाची वर्षे. त्यापुढे सेवेचे साधे वर्णन: केवायसी पूर्ण करून देणे, नामनिर्देशनाची नोंद तपासणे, वर्षातून एकदा गुंतवणुकीचा आढावा घेणे, गुंतवणूकदाराच्या निधनानंतर युनिट वारसाच्या नावे हस्तांतरित करण्यास साहाय्य करणे.

ही शेवटची सेवा कुटुंबाला खरी उपयोगी पडते. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशिताची केवायसी, बँक खात्याचा पुरावा आणि विहित अर्ज यांची जुळवाजुळव, गुंतवणूक पाच-सहा फंडांत विखुरलेली असल्यास, घरच्यांना दुःखाच्या दिवसांत जड जाते. नामनिर्देशन नसेल तर वारसा सिद्ध करणारी आणखी कागदपत्रे लागतात. ज्या वितरकाने ही कामे केली आहेत, त्याने ती लिहावीत. त्यासाठी कुणाची स्तुतिपत्रे छापण्याची गरज नाही.

‘आमचे मानधन फंड कंपनीकडून कमिशनरूपाने मिळते’ हे वाक्यही परिचयात असावे. कमिशनचा वाटा ग्राहकाला परत देण्याचे प्रलोभन मात्र दाखवू नये. त्यास मनाई आहे. शेवटी बाजारजोखमीचा प्रमाणित इशारा वाचता येईल अशा अक्षरांत द्यावा.

वाचकानेही पडताळणी करावी. अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर एआरएन टाकल्यास नाव आणि वैधता दिसते. सहामाही एकत्रित विवरणपत्रात वितरकाला दिलेल्या कमिशनची रक्कम छापलेली असते. मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की ही नोंदणी म्हणजे कामाच्या गुणवत्तेची हमी नव्हे. ती पारखण्यासाठी ‘आमच्या खात्यांत नामनिर्देशन कुणाचे आहे?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर वहीतून निघाले, तर सेवा खरी.