एकच पाय सुजला तर

आमच्या वस्तीतील एका मावशींना अंडाशयाचा कर्करोग. तिसरी केमो झाल्यावर आठवड्याने त्यांचा डावा पाय सुजला. सलाईनचे पाणी पायात उतरले असेल, असे घरच्यांनी ठरविले. सूनबाई रोज रात्री तेल लावून पोटरी चोळीत होती. मी भेटायला गेले तेव्हा तीच म्हणाली, "ताई, पाणीच उतरलं असेल, तर उजवा पाय बरा कसा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. अंगातील प्रथिने कमी झाली की सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. एकाच पायावर येते, पोटरी दुखते, कातडी गरम व लालसर लागते, तेव्हा आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ अडली असण्याचा संशय घ्यावा. शिंप्याची टेप घेऊन गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३२, डावी ३६. फरक तीन सेंटिमीटरहून जास्त असला तर संशय बळावतो. फरक कमी भरला म्हणून मात्र निर्धास्त राहू नये.

कर्करोगातच हे का अधिक होते? गाठीतील पेशी रक्त गोठविणारे पदार्थ सोडतात. केमोने शिरांचे आतले अस्तर दुखावते. त्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो, पोटातील गाठ शिरेवर दाब देते आणि रक्त रेंगाळते. स्वादुपिंड, जठर, अंडाशय, फुप्फुस व मेंदू यांच्या कर्करोगात धोका विशेष. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त. फ्रान्सच्या त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी १८६५ साली हा संबंध सांगितला. पुढे स्वतःच्या शिरेत गाठ होताच त्यांनी आपला आजार ओळखला. १८६७ साली ते जठराच्या कर्करोगाने वारले.

चोळणे मी त्याच क्षणी थांबविले. गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. मग एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, नाडी धावते. कधी खोकल्यातून रक्त पडते, कधी घेरी येते. पायावर सूज नसतानाही असे होऊ शकते. अशा वेळी "केमोचा अशक्तपणा" म्हणून सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि दारातच सांगावे, की रुग्णाला कर्करोग आहे.

मावशींची त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी झाली. मांडीच्या शिरेत गाठ निघाली. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने पोटाच्या कातडीत सुरू झाली. काही रुग्णांना गोळ्याही चालतात, पण पोटातून रक्तस्राव होण्याची भीती असेल तर डॉक्टर इंजेक्शनच पसंत करतात. हे औषध निदान तीन ते सहा महिने, आणि कर्करोग अंगात आहे तोवर पुढेही घ्यावे लागते. इंजेक्शन द्यायला सूनबाई दोन दिवसांत शिकली. काळी शौच झाली किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तर लगेच कळवायचे, एवढे तिने वहीत लिहून ठेवले आहे.