रिॲक्शन आली म्हणून रेबीजचा पुढचा डोस सोडायचा का?

कुत्रा चावला की लोक आता आरोग्य केंद्रात जातात, पहिला डोस घेतात. पण डोसनंतर एखाद्याच्या अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, चक्कर येऊन तो पडला, की घरचे ठरवून टाकतात, 'आता पुढचं इंजेक्शन नको.' खरा धोका इथून सुरू होतो.

इतर लसींचा नियम सरळ आहे. ज्या लसीने जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, ती सहसा परत देत नाहीत. रेबीजला हा नियम लागू पडत नाही, कारण लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून डोस घ्यायचाच असतो. कुठे आणि कसा घ्यायचा, एवढंच डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

समजा, सोमवारी एका शेतमजुराच्या पोटरीचा कुत्र्याने लचका तोडला. जखम खोल, म्हणून त्याच दिवशी लस दिली, जखमेत सीरम भरलं आणि धनुर्वाताचंही इंजेक्शन झालं. वीस मिनिटांत त्याला रिॲक्शन आली. पुढचा डोस तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी आहे.

आता दोष लसीचाच, हे कशावरून? बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं सीरम घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि त्याची ॲलर्जी येऊ शकते. सीरम एकदाच देतात, गुरुवारी फक्त लस असते. म्हणून काय काय दिलं, किती वाजता दिलं, किती मिनिटांनी त्रास झाला आणि लसीचं नाव व बॅच नंबर काय, हे केसपेपरवर लिहून घ्या. नुसता ताप आला किंवा हात दुखला, तर ती गंभीर ॲलर्जी नव्हे.

तो कागद घेऊन बुधवारीच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं. संशय लसीवरच असेल तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारची लस देऊ शकतात. एक लस कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर बनते, दुसरी व्हेरो पेशींवर. डोस देताना ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी हवं, नंतर जास्त वेळ देखरेखीखाली थांबवून घ्यायला हवं. रिॲक्शन आलीच तर ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत लगेच द्यावं लागतं, नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर भागत नाही. रिॲक्शन येऊ नये म्हणून आधीच स्टिरॉइड घेऊ नये, त्याने लसीचा असर कमी होऊ शकतो.

या धावपळीत गुरुवार हुकला, तर शुक्रवारी जा. कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेला डोस घेऊन पुढे चालू ठेवतात. पण 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून घरी बसू नका.